दीडशे मिनिटांचे किलोमीटर किती?

साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या सुनंदाकाकू एकसष्ट वर्षांच्या आहेत. दिवाळीनंतर त्यांची साखर जरा वर सरकली, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ लिहून दिली : झपाझप चालणं, आठवड्याला १५० मिनिटं. काकूंनी ती मनावर घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून जवळच्या शाळेच्या मैदानावर जायला लागल्या. पण चालता चालता सारखं मनगटाकडे बघणं त्यांना जमेना. फेऱ्या किंवा किलोमीटर कळले तर बरं, म्हणून त्यांनी पुण्याच्या भाच्याला, अनिकेतला, फोन केला. तो म्हणाला, "मावशी, दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्याला पंधरा किलोमीटर. मीही तेवढंच चालतो."

काकूंनी पंधराचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. तीन आठवडे गेले. दर शनिवारी बेरीज अकरा-बारावर अडायची आणि उरलेलं अंतर रविवारी एकदम भरून काढताना पिंढऱ्या भरून यायच्या. एका रविवारी गुडघा चोळत त्या मला म्हणाल्या, "अरे, माझं चालणं कमीच पडतंय. आता हे वय नाही रे माझं."

त्यांच्या कॅलेंडरवरच्या नोंदी आम्ही दोघांनी बसून तपासल्या. काकूंचं चालणं अजिबात कमी पडत नव्हतं. दीडशे मिनिटं त्या शनिवारीच पूर्ण करत होत्या आणि रविवारचं सगळं चालणं वरचं होतं. पंधरा किलोमीटर हा हिशेब बरोबर होता, पण तो अनिकेतच्या पायांचा होता. काकूंच्या पायांचा हिशेब कुणी मांडलेलाच नव्हता.

मिनिटंच का सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. झपाझप चालणं हे त्या मध्यम श्रमाचं सर्वांत सोपं उदाहरण. त्या शिफारशीत किलोमीटर नाहीत, आणि त्याला कारण आहे. शरीराला फायदा होतो तो ठरावीक श्रम ठरावीक वेळ केल्याने. तेवढ्या वेळात पाय किती लांब पोचले, हे माणसामाणसागणिक बदलतं. उंची, वय, वजन, सवय, गुडघ्यांची अवस्था या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. ताशी सहा किलोमीटर हा तिशीतल्या सराव असलेल्या माणसाला मध्यम श्रम असू शकतो. तोच वेग साठीतल्या नवशिक्या माणसाला धाप लावेल.

मध्यम श्रम ओळखायची साधी खूण श्वासाची आहे. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग आपल्यासाठी झपाझप. गाणं सहज म्हणता येत असेल तर ती शतपावली झाली. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर श्रम मध्यमच्या पुढे गेले. दुसरी खूण पावलांची. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की बहुतेक प्रौढांचं चालणं मध्यम श्रमाच्या उंबरठ्यावर येतं, असं पावलांवर झालेल्या अभ्यासांतून दिसलं आहे. हा आकडा ढोबळ आहे. तो श्वासाच्या खुणेचा जोडीदार म्हणून वापरावा, तिच्या जागी नव्हे.

म्हणजे क्रम असा लागतो. आधी श्वासावरून आपला झपाझप वेग ठरतो. मग त्या वेगाला मिनिटांनी गुणलं की अंतर निघतं. अनिकेतने क्रम उलटा केला. त्याने आधी अंतर दिलं आणि काकूंचा वेग त्यामागे फरफटत गेला.

आधी फेरी मोजा

वेग काढायला दोन गोष्टी लागतात, माहीत असलेलं अंतर आणि घड्याळ. घड्याळ प्रत्येकाकडे असतं. अंतराच्या बाबतीत मात्र लोक ऐकीव आकड्यावर विसंबतात. आमच्या मैदानाची फेरी 'चारशे मीटरची' आहे असं सगळेच सांगतात. हा आकडा धावपट्टीवरून आलेला असतो. प्रमाणित धावपट्टीची सर्वांत आतली फेरी ४०० मीटर असते, म्हणून लोकांच्या तोंडी प्रत्येक मैदान चारशेचं होतं. खऱ्या धावपट्टीवरही हा आकडा फक्त आतल्या पट्ट्याला लागू आहे. प्रत्येक पट्टा १.२२ मीटर रुंद असतो, त्यामुळे एकेक पट्टा बाहेर सरकलं की फेरीमागे साधारण साडेसात मीटर वाढतात. आठव्या पट्ट्यातून चालणारा दर फेरीला पन्नासेक मीटर जास्त चालतो.

आम्ही मैदान सायकलने मोजलं. मॅरेथॉनचे मार्ग मोजतानाही सायकलच्या चाकाचे फेरे मोजण्याचीच पद्धत वापरतात, फक्त तिथे चाकाला अचूक मोजणारं यंत्र लावलेलं असतं. आम्ही पुढच्या चाकाच्या टायरवर खडूने रेघ मारली, सायकल सरळ ढकलत चाक एक पूर्ण फेरा फिरवलं आणि जमिनीवर पडलेलं अंतर टेपने मोजलं. ते २.२ मीटर भरलं. मग काकू रोज जिथून चालतात त्याच वाटेने सायकल हातात धरून मैदानाभोवती नेली आणि खडूची रेघ किती वेळा खाली आली ते मोजलं. १४५ वेळा, आणि वर थोडं. १४५ गुणिले २.२ म्हणजे ३१९ मीटर, वरचं थोडं धरून ३२०. चारशेचं मैदान तीनशेवीसचं निघालं.

यात एक गंमत आहे. माणूस आयुष्यभर त्याच मैदानावर चालणार असेल, तर फेरीची लांबी चुकीची धरूनही त्याचं काही बिघडत नाही. अर्ध्या तासात सात फेऱ्या होत असतील, तर ती फेरी तीनशेची असो की चारशेची, अर्धा तास सातच फेऱ्यांत भरतो. बिघडतं ते मैदान बदललं की. काकू आठवड्याला पस्तीस फेऱ्या मारतात. चारशेच्या हिशेबाने त्यांना ते चौदा किलोमीटर वाटले असते. मुलीकडे गेल्यावर तिथल्या मोजलेल्या रस्त्यावर त्यांनी खरे चौदा किलोमीटर चालायला घेतले असते, तर १५० मिनिटांऐवजी जवळजवळ १८७ मिनिटं लागली असती. मग तिथेही त्यांना वाटलं असतं की आपला वेग घसरला.

सायकल नसेल तर राज्यमार्गाच्या किंवा महामार्गाच्या कडेचे दगड कामी येतात. दोन किलोमीटर-दगडांच्या मधे दर २०० मीटरला छोटे दगड लावायची आपल्याकडे पद्धत आहे. पण वाहतुकीच्या रस्त्यावर हे मोजमाप एकदाच, उजेडात आणि सांभाळून करावं. रोजचं चालणं दुसरीकडे ठेवावं.

काकूंचा वेग

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. पहिली फेरी काकूंनी अंग मोकळं करायला सावकाश मारली. ती धरली नाही. पुढच्या तीन फेऱ्या त्यांनी आपल्या झपाझप चालीने मारल्या आणि मी बाजूने चालत वेळ घेतली. मधेमधे मी काहीबाही विचारत होतो. काकू पूर्ण वाक्यात उत्तर देत होत्या. दुसऱ्या फेरीत मी म्हटलं, "काकू, एखादा अभंग म्हणा की." पहिल्या चरणातच त्यांचा श्वास तुटला. श्वासाची खूण बरोबर बसली. मग पंधरा सेकंदांत पडलेली पावलं मोजली, ती २८ भरली. चौपट केली की मिनिटाला ११२. तीही खूण जुळली.

तीन फेऱ्यांच्या वेळा अशा आल्या : ४ मिनिटं १० सेकंद, ४ मिनिटं १६ सेकंद आणि ४ मिनिटं २२ सेकंद. सरासरी ४ मिनिटं १६ सेकंद. इथे बरेच जण एक चूक करतात. कॅल्क्युलेटरवर ४.१६ टाकतात. मिनिटात साठ सेकंद असतात, शंभर नाहीत, म्हणून ४ मिनिटं १६ सेकंद म्हणजे ४.२७ मिनिटं होतात. ही भानगड नको असेल तर सगळ्याचे सेकंद करावेत. ४ मिनिटं १६ सेकंद म्हणजे २५६ सेकंद. ३२० मीटरला २५६ ने भागलं की सेकंदाला १.२५ मीटर, आणि साठने गुणलं की मिनिटाला ७५ मीटर.

हा 'मिनिटाला किती मीटर' हाच आकडा वहीत लिहून ठेवावा. आपलं उद्दिष्ट मिनिटांत आहे, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब एका गुणाकारात होतो. ७५ गुणिले १५० म्हणजे ११,२५० मीटर. काकूंचा आठवडा सव्वाअकरा किलोमीटरचा आहे, पंधराचा नाही.

ज्यांना वेग ताशी किलोमीटरमध्ये धरायची सवय आहे त्यांच्यासाठी आणखी सोपी वाट आहे. १५० मिनिटं म्हणजे अडीच तास. तेव्हा ताशी वेगाची अडीचपट केली की आठवड्याचे किलोमीटर निघतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकीबरोबर अडीचकी पाठ करून घेत. ती आली असती तर काकूंना फोन करावाच लागला नसता. काकूंचा वेग मिनिटाला ७५ मीटर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर.

ताशी ४ किलोमीटर : आठवड्याला १० किलोमीटर
ताशी साडेचार : सव्वाअकरा
ताशी ५ : साडेबारा
ताशी साडेपाच : पावणेचौदा
ताशी ६ : पंधरा

कुणाचं उद्दिष्ट ३०० मिनिटांचं असेल तर हेच आकडे दुप्पट करावेत. शेवटची ओळ अनिकेतची आहे, त्याच्या वेगाची ती ओळ काकूंना मिळाली होती. मिनिटाला ७५ मीटरने पंधरा किलोमीटर चालायला २०० मिनिटं लागतात. दर आठवड्याला पन्नास मिनिटांचा भार त्या स्वतःवर चढवत होत्या आणि वर स्वतःलाच कमी लेखत होत्या. याच्या उलटही घडतं. अनिकेतने मावशीचे सव्वाअकरा किलोमीटर घेतले असते तर त्याचं चालणं साडेसात मिनिटं कमी दोन तासांत, म्हणजे जेमतेम ११२ मिनिटांत, आटोपलं असतं. दुसऱ्याचे किलोमीटर घेतले की सावकाश चालणारा दमतो आणि भरभर चालणारा कमी चालतो.

उरला प्रश्न फेऱ्यांचा, काकूंना तोच हवा होता. आठवड्यातले पाच दिवस चालायचं म्हटलं तर रोज तीस मिनिटं. ४ मिनिटं १६ सेकंदांची एक फेरी, म्हणजे सात फेऱ्या २९ मिनिटं ५२ सेकंदांत होतात. कॅलेंडरवर आता 'रोज ७' असं लिहिलेलं आहे. काकू खिशात सात चिंचोके घेऊन जातात आणि दर फेरीला एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकतात.

फोन काय सांगतो आणि काय सांगत नाही

काकूंच्या फोनमध्येही चालणं मोजणारं अॅप आहे. एका सकाळी त्याने दाखवलं : ४० मिनिटं, २.६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३.९. काकू हिरमुसल्या. "बघ, साडेचार कुठलं? चारसुद्धा नाही."

फोन खोटं बोलत नव्हता, फक्त त्याने घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मोजलं होतं. त्या चाळीस मिनिटांत मैदानापर्यंतची सावकाश वाट होती, दूधवाल्याजवळचं थांबणं होतं आणि परतताना फाटकापाशी झालेल्या गप्पा होत्या. त्या सगळ्याची मिळून दहा मिनिटं आणि साडेतीनशे मीटर. उरलेल्या तीस मिनिटांत सव्वादोन किलोमीटर, म्हणजे ताशी साडेचारच. सरासरीने दोन वेगळी चालणी एकाच भांड्यात ओतली होती.

ही सरासरी दोन्हीकडून फसवते. काकूंनी ३.९ हाच आपला वेग धरला असता तर अडीचपटीने पावणेदहा किलोमीटरचं उद्दिष्ट निघालं असतं. पण झपाझप चालताना ते १३० मिनिटांतच संपलं असतं आणि वीस मिनिटं कमी पडली असती. दुसरी फसगत मिनिटांची. बाहेर असलेली चाळीसच्या चाळीस मिनिटं झपाझप चालण्यात मोजली तर चौथ्या दिवशीच १५० भरल्याचं समाधान मिळतं, प्रत्यक्षात तोवर तीस मिनिटांचे चार दिवस, म्हणजे १२० मिनिटंही झालेली नसतात. म्हणून फोनचं मोजमाप झपाझप चालायला लागलं की सुरू करावं आणि वेग सोडला की बंद करावं.

उपग्रहावरून अंतर मोजणाऱ्या फोनची आणखी एक मर्यादा आहे. दाट झाडीखाली आणि उंच इमारतींच्या मधे त्याला आपली जागा नेमकी कळत नाही. नकाशावरची आपली रेघ नागमोडी होते किंवा इमारतीच्या पोटातून जाते, आणि तेवढं अंतर चुकतं. हे तपासायचं तर मोजलेल्या फेरीवर फोन घेऊन पाच फेऱ्या माराव्यात. काकूंच्या मैदानावर पाच फेऱ्यांचं अंतर १,६०० मीटर. फोन १,५८० किंवा १,६३० दाखवत असेल तर चालेल. १,४०० किंवा १,८०० दाखवत असेल तर त्या जागी त्याच्या किलोमीटरवर विसंबू नये, फक्त त्याचं घड्याळ वापरावं.

चढावर किलोमीटर गप्प होतात

साताऱ्यात सकाळी यवतेश्वरच्या घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चढणारे कितीतरी लोक दिसतात. काकूंनाही एका रविवारी त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींनी घाटात नेलं. अर्ध्या तासात दीडच किलोमीटर झाला. मैदानावर एवढ्या वेळात सव्वादोन होतो. मग राहिलेला पाऊण किलोमीटर संध्याकाळी भरून काढायचा का?

मुळीच नाही. चालण्याचे श्रम मोजण्यासाठी व्यायामशास्त्रात एक नेहमीचं सूत्र वापरतात. शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे किती प्राणवायू वापरतं, याचा अंदाज त्यातून येतो. शांत बसलेलं शरीर साडेतीन मिलिलिटर वापरतं. सपाटीवर मिनिटाला ७५ मीटर चालणाऱ्या काकूंना त्या सूत्राप्रमाणे ११ मिलिलिटर लागतो, म्हणजे बसलेल्या स्थितीच्या तिपटीहून थोडा जास्त. मध्यम श्रम मोजायला सुरुवात होते ती तिपटीपासूनच. आता शंभर मीटरला पाच मीटर उंची चढणारा रस्ता धरू. त्यावर मिनिटाला फक्त ५० मीटर, म्हणजे ताशी तीनच किलोमीटर चाललं तरी १३ मिलिलिटर लागतो, पावणेचारपटीच्या आसपास. वेग एक तृतीयांशाने उतरला आणि श्रम मात्र वाढले, कारण प्रत्येक पावलाला शरीर वर उचलावं लागतं. त्याच चढावर मैदानाचा वेग राखायचा म्हटलं तर श्रम पाचपटीवर जातात आणि काकूंना बोलताही येणार नाही.

म्हणून अंतराचं हे भाषांतर फक्त सपाट वाटेपुरतं खरं आहे. चढाचा, वाळूचा किंवा खडबडीत पायवाटेचा दिवस असेल तर किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि मिनिटं लिहावीत. काकूंनी घाटातल्या त्या दिवसापुढे 'सात फेऱ्या झाल्या' अशी खूण केली, ते अगदी बरोबर होतं. मात्र सावकाश उतरताना श्वास वाढत नसेल तर ती मिनिटं त्यात धरू नयेत.

गच्चीचा वेग वेगळा

जूनमध्ये पाऊस लागला आणि मैदानात चिखल झाला. काकू इमारतीच्या आडोशाच्या गच्चीवर चालायला लागल्या. तिथली फेरी टेपने मोजली, ४० मीटर. श्वास मैदानासारखाच ठेवून त्यांना एका फेरीला ३६ सेकंद लागले. हिशेब केला तर मिनिटाला साधारण ६७ मीटर, ताशी ४ किलोमीटर. काकूंचं काही बिघडलेलं नव्हतं. छोट्या फेरीत सारखं वळावं लागतं, वळताना पाऊल आखडतं आणि पुन्हा चाल धरायला दोन-तीन पावलं जातात. अरुंद गॅलरीत किंवा व्हरांड्यात उलट फिरावं लागत असेल तर वेग याहूनही उतरतो.

त्यामुळे गच्चीचा आठवडा दहा किलोमीटरचा. रोजच्या अर्ध्या तासाला पन्नास फेऱ्या. काकूंच्या वहीत आता दोन ओळी आहेत, एक मैदानाची आणि एक गच्चीची. दोन्हींची मिनिटं सारखी आहेत. दोन वेगळ्या जागांचे किलोमीटर एकत्र बेरीज करून आठवड्याचं उद्दिष्ट बघायला गेलं की गोंधळ होतो. अशा मिश्र आठवड्यात प्रत्येक जागेच्या फेऱ्यांची आधी मिनिटं करावीत आणि बेरीज मिनिटांची घ्यावी. मैदानाच्या सात फेऱ्या म्हणजे तीस मिनिटं, गच्चीच्या पंचवीस फेऱ्या म्हणजे पंधरा मिनिटं, झाली पंचेचाळीस.

छोटे तुकडेही या बेरजेत येतात. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजू नये असं सांगत. २०२० च्या शिफारशींतून ती अट काढून टाकली आहे. काकू किराणा दुकानापर्यंत सात मिनिटं झपाझप गेल्या, तर ती सात मिनिटं त्यांची. अंतर हवं असेल तर सात गुणिले ७५, म्हणजे सव्वापाचशे मीटर.

वेग वाढला की अंतरही वाढवा

दसऱ्याच्या सुमारास काकू मला म्हणाल्या, "हल्ली सात फेऱ्या लवकर संपतात आणि चालताना मी अख्खा हरिपाठ म्हणू शकते." ही आनंदाची बातमी होती, आणि इशाराही. ज्या वेगाला पूर्वी एका चरणात श्वास तुटत होता, तो वेग आता त्यांच्यासाठी झपाझप राहिलेला नव्हता.

आम्ही पुन्हा मोजलं. एक सावकाश फेरी, मग श्वासाच्या खुणेवर तीन फेऱ्या. सरासरी ३ मिनिटं ५० सेकंद आली, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ८३ मीटर, ताशी पाच किलोमीटर. अडीचकीने साडेबारा. काकू जुन्या सव्वाअकरावरच थांबल्या असत्या तर नव्या वेगाने ते अंतर १३५ मिनिटांत संपलं असतं. शरीर सुधारत गेलं आणि अंतर तेच राहिलं, तर आठवड्याची मिनिटं न कळत गळत जातात. फेऱ्या सातच्या आठ झाल्या आणि तीस मिनिटं पुन्हा भरली, वर एखादं मिनिट जास्तच.

म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा वेग मोजावा. मोठं आजारपण, लांबचा प्रवास किंवा चालण्यात पडलेला दीर्घ खंड यांच्यानंतरही मोजावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याच श्वासाला वेग उतरतो. तेव्हा अंतर कमी करावं, मिनिटं नाही. मोजणीच्या दिवशी कुणाशी स्पर्धा लावल्यासारखं चालू नये. सर्वांत जलद फेरी निवडून तोच आपला वेग ठरवला, तर रोजचं उद्दिष्ट पहिल्याच आठवड्यात छळायला लागतं. आणि चालताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा न जाणारी धाप लागली, तर फेरी अर्धवट सोडून थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास आधीपासून असेल तर किती मिनिटं चालायचं हेही त्यांनाच विचारून ठरवावं.

काकूंच्या कॅलेंडरवरचा पंधराचा आकडा त्यांनी खोडला आहे. त्याखाली त्यांच्या अक्षरात दोन ओळी आहेत : 'मिनिटाला ८३ मीटर. आठवड्याला साडेबारा.' पुढच्या मोजणीची तारीखही शेजारी लिहिलेली आहे. तुमच्या घरी कुणी दुसऱ्याचे किलोमीटर पुरे करायला धडपडत असेल, तर या रविवारी त्यांच्याबरोबर मैदानावर जा, एक फेरी मोजा, तीन फेऱ्यांची वेळ घ्या आणि त्यांच्या पायांचा आकडा त्यांना काढून द्या.